१७२ शिवले, पण पास किती?

संध्याकाळी साडेपाचला मशिनांचा आवाज थांबतो आणि शिवणयुनिटचा मालक रोजचा प्रश्न विचारतो, "आज किती निघाले?" सुपरवायझर सांगतो, "पावणेदोनशेच्या आसपास." मालक तोच आकडा धरून व्यापाऱ्याला फोनवर तारीख देतो. दुसऱ्या दिवशी पॅकिंगच्या टेबलावर मोजणी होते, तेव्हा हातात दीडशेच शर्ट असतात. यात कोणी खोटं बोललेलं नसतं. एकाने लाईनच्या टोकाला पडलेले शर्ट मोजले, दुसऱ्याने तपासणीतून पास झालेले. दोन्ही आकडे खरे असतात, पण ते एका कागदावर शेजारी-शेजारी कधी लिहिलेच जात नाहीत.

ते शेजारी लिहिण्याची जागा म्हणजे रोजचा उत्पादन अहवाल. मोठ्या कारखान्यांत हे काम संगणक करतो. दहा ते वीस मशिनांच्या युनिटात मात्र अजूनही छापलेला एक कागद, एक पाटी आणि दोरीने बांधलेलं पेन हेच सगळ्यात भरवशाचं साधन आहे. प्रश्न एवढाच, की त्या कागदावर कोणते रकाने असावेत. बाजारात मिळणाऱ्या किंवा कुठून तरी उतरवून घेतलेल्या बहुतेक नमुन्यांत 'टार्गेट', 'उत्पादन' आणि 'रिजेक्ट' असे तीनच रकाने असतात. पावणेदोनशे आणि दीडशे यांच्यातला घोळ तिथूनच सुरू होतो.

चादरींसाठी प्रसिद्ध असलेलं सोलापूर आता शाळेच्या गणवेशांसाठीही ओळखलं जातं. गणवेशाच्या धंद्यात तारीख ढकलता येत नाही. जूनच्या मध्याला शाळा उघडतात, शर्ट त्याआधी दुकानात पोहोचावा लागतो. त्यामुळे रोजच्या आकड्यातली चूक इथे लवकर अंगाशी येते. म्हणून गणवेशाचेच अर्ध्या बाह्यांचे शर्ट शिवणाऱ्या एका लहान लाईनचा एक दिवस घेऊ. आकडे हिशेब समजावा म्हणून मांडलेले आहेत, पण असा दिवस अशा युनिटांत नेहमीचाच.

लाईनवर एरवी चौदा कारागीर. कोणी कॉलर करतं, कोणी खिसा लावतं, कोणी बाही जोडतं, कोणी ओव्हरलॉक मारतं, शेवटी काज आणि बटण. आज दोघी आलेल्या नाहीत. काम सकाळी नऊ ते संध्याकाळी साडेपाच, मध्ये अर्धा तास जेवण, म्हणजे आठ तास किंवा ४८० मिनिटं. ऑर्डर ४,००० शर्टांची.

आधी टार्गेट. बहुतेक ठिकाणी ते तोंडी ठरतं, "रोज अडीचशे निघालेच पाहिजेत." हा आकडा येतो कुठून, हे विचारलं तर उत्तर मिळत नाही. खरं टार्गेट वेळेतून काढावं लागतं. एक शर्ट पूर्ण शिवायला सगळ्या कारागिरांची मिळून किती मिनिटं लागतात, हे आधी मोजायचं. प्रत्येक कामाचे दहा पीस घड्याळ लावून बघायचे, सरासरी काढायची, धागा बदलणं, बॉबिन भरणं, पाणी पिणं यांसाठी त्यात थोडी भर घालायची आणि सगळ्या कामांची बेरीज करायची. कारखान्यांत या बेरजेला सॅम म्हणतात. आपल्या शर्टाला ती १८ मिनिटं आली असं धरू.

चौदा जणांची ४८० मिनिटं म्हणजे ६,७२० मिनिटं. भागिले १८ केलं तर ३७३ शर्ट येतात, पण तेवढे कधीच निघत नाहीत. बंडल यायला उशीर होतो, सुई तुटते, एका कामावर ढीग साचतो आणि पुढचा रिकामा बसतो. म्हणून आपली लाईन प्रत्यक्षात किती टक्के चालते, हे तिच्याच मागच्या दहा-बारा दिवसांच्या नोंदीवरून काढायचं. निघालेल्या शर्टांना १८ ने गुणायचं आणि हजर माणसांच्या एकूण मिनिटांनी भागायचं. ही लाईन ६० टक्क्यांवर चालते असं दिसलं, तर चौदा जणांचं टार्गेट २२४ शर्ट.

आज मात्र बाराच जण आहेत. बारा गुणिले ४८० म्हणजे ५,७६० मिनिटं, त्याचे ६० टक्के, भागिले १८. उत्तर १९२, म्हणजे ताशी २४. कागदाच्या माथ्यावर 'पटावर', 'हजर' आणि 'आजचं टार्गेट' हे तीन रकाने लागतात ते यासाठी. दोघी गैरहजर असताना पाटीवर २२४ लिहून ठेवलं, तर लाईन सकाळी नऊलाच हरलेली असते आणि त्या दिवशीची तूट नेमकी कशाची, हे नंतर कोणालाही सांगता येत नाही. टार्गेट रोज सकाळी हजेरी झाल्यावरच लिहावं, आदल्या रात्री छापून ठेवू नये.

आता कागदाचा मधला भाग. दिवस संपल्यावर तो असा दिसतो:

| वेळ | टार्गेट | निघाले | पास | अल्टर | रिजेक्ट | बंद मिनिटं व कारण |
|---|---|---|---|---|---|---|
| ९ ते १० | २४ | १८ | १४ | ४ | – | १५, बंडल उशिरा |
| १० ते ११ | २४ | २४ | २२ | २ | – | |
| ११ ते १२ | २४ | २५ | २३ | १ | १ | |
| १२ ते १ | २४ | २३ | २१ | २ | – | |
| १.३० ते २.३० | २४ | २२ | २० | १ | १ | |
| २.३० ते ३.३० | २४ | ११ | १० | १ | – | ३०, वीज गेली |
| ३.३० ते ४.३० | २४ | २४ | २१ | ३ | – | |
| ४.३० ते ५.३० | २४ | २५ | २० | ४ | १ | |
| एकूण | १९२ | १७२ | १५१ | १८ | ३ | ४५ |

तूट २० शर्टांची. शेवटचा रकाना नसता, तर संध्याकाळची चर्चा "कारागीर हात चालवत नाहीत" इथेच संपली असती. रकाना आहे म्हणून हिशेब करता येतो. वीज अर्धा तास गेली, बारा जणांची ३६० मिनिटं बुडाली. तेवढ्या वेळात या लाईनच्या रोजच्या चालीने १२ शर्ट झाले असते. सकाळी कटिंगकडून बंडल पंधरा मिनिटं उशिरा आले, म्हणजे १८० मिनिटं किंवा ६ शर्ट. वीसपैकी अठरांचं कारण सापडलं. कारागिरांच्या हाताशी संबंध असलेली तूट उरली दोन शर्टांची. यात मालकाच्या हातात असलेली एक गोष्ट लगेच दिसते. पहिल्या तासाचे बंडल आदल्या संध्याकाळीच मशिनांजवळ ठेवले, तर रोजचे सहा शर्ट वाचतात, आणि त्यासाठी एक रुपयाही खर्च होत नाही.

नोंद तासातासाला हवी ती याच कारणासाठी. संध्याकाळी एकदम लिहिलेला एकच आकडा बरोबर असला, तरी त्याला वेळ नसते, आणि वेळ नसेल तर कारण आठवणीवर सोडावं लागतं. दोन वाजून पन्नास मिनिटांनी वीज गेली होती, हे साडेपाचला "दुपारी थोडा वेळ वीज नव्हती" असं होतं आणि आठवड्याने कोणाला आठवतही नाही.

आता ज्या दोन शब्दांवरून युनिटात सर्वाधिक गोंधळ होतो ते, अल्टर आणि रिजेक्ट. अल्टर म्हणजे दुरुस्त होऊन पास होऊ शकणारा पीस. टाका सुटला आहे, उसवून पुन्हा मारता येईल. कॉलर वाकडी बसली आहे, काढून लावता येईल. रिजेक्ट म्हणजे दुरुस्त न होणारा. धागे कापताना कात्री कापडात गेली, विणीतच गाठ किंवा भोक निघालं, तर तो शर्ट त्या ऑर्डरमध्ये जाऊ शकत नाही. पुष्कळ युनिटांत दोन्ही एकाच 'रिजेक्ट' रकान्यात लिहितात. आपल्या दिवसाचे ते २१ झाले असते, आणि मालकाला वाटलं असतं की १२ टक्के माल वाया जातोय. वाया गेले तीनच, म्हणजे पावणेदोन टक्के. उलट चूकही होते. अल्टर दुरुस्त होणारच आहेत, म्हणून त्यांना सरळ पासमध्ये धरतात. तेव्हा पाटीवरचा आकडा सुंदर दिसतो आणि अल्टरच्या टोपलीत शर्ट साचत जातात. ऑर्डर संपायच्या आदल्या दिवशी त्या टोपलीत साठ-सत्तर शर्ट निघतात आणि ते उसवायला रात्रपाळी लावावी लागते.

म्हणून कागदाच्या खालच्या भागात एक छोटा ताळेबंद असलाच पाहिजे. माझ्या मते संपूर्ण कागदातला सर्वांत मोलाचा भाग हाच, आणि बहुतेक छापील नमुन्यांत नेमका तोच नसतो. डाव्या बाजूला तपासणीकडे काय आलं ते. आज लाईनवरून १७२, कालचे उरलेले अल्टर ६, एकूण १७८. उजव्या बाजूला त्यांचं काय झालं ते. पहिल्याच तपासणीत १५१ पास झाले. आजच्या १८ अल्टरपैकी १४ संध्याकाळपर्यंत दुरुस्त होऊन पास झाले. कालच्या सहापैकी पाच पास झाले, एकाचा तेलाचा डाग धुऊनही गेला नाही, म्हणून तो रिजेक्ट. पास १७०, रिजेक्ट ४, हातात उरलेले अल्टर ४. बेरीज १७८. दोन्ही बाजू जुळल्या, आता कागदावर सही करायला हरकत नाही. नाही जुळल्या, तर कुठेतरी शर्ट आहे किंवा कुठेतरी चुकीची नोंद आहे, आणि ती शोधायची वेळ आजच आहे. चार दिवसांनी ते शोधणं अशक्य होतं.

मालकाने व्यापाऱ्याला सांगायचा आकडा १७०. बावीस दिवस वगैरे अंदाज त्यावरूनच बांधायचे. ४,००० शर्ट २२४ च्या वेगाने १८ दिवसांत होतात, १७० च्या वेगाने २४ दिवस लागतात. कामाच्या दिवसांत मोजलं तर हा पूर्ण एका आठवड्याचा फरक आहे. कागदावर 'ऑर्डर', 'आजवर पास' आणि 'बाकी' असे तीन छोटे रकाने ठेवले, तर हा फरक तिसऱ्या-चौथ्या दिवशीच दिसू लागतो, आणि तेव्हा काहीतरी करता येतं.

रिजेक्टचा आकडा नुसता कळून उपयोग नसतो. चूक कोणती आणि ती कधी झाली, हे कळलं तरच पुढचा शर्ट वाचतो. त्यासाठी कागदाच्या मागच्या बाजूला चुकांची यादी छापायची आणि तपासणाऱ्या बाईंनी प्रत्येक चुकीपुढे एक उभी रेघ ओढायची, चार रेघांवर पाचवी आडवी. काओरू इशिकावा या जपानी गुणवत्तातज्ज्ञाने सामान्य कामगारांना वापरता यावीत अशी जी सात साधनं पुढे आणली, त्यांत अशी रेघांची तपासपत्रिकाही आहे. लिहिण्यापेक्षा रेघ ओढणं सोपं, त्यामुळे हात थांबत नाही आणि नोंद चुकवावीशी वाटत नाही.

आपल्या दिवशीच्या रेघा अशा पडल्या: कॉलर वाकडी ९, टाका सुटला ६, शिलाईला चुण्या ४, तेलाचा डाग ४, कात्रीचा छेद २, कापडातला दोष १. बेरीज २६, आणि अल्टर व रिजेक्ट मिळून शर्ट २१. इथे अनेक सुपरवायझर गडबडतात आणि दोन्ही आकडे जुळवायला रेघा पुसतात. त्या पुसू नयेत. एका शर्टात दोन चुका असू शकतात. शर्ट वेगळे मोजायचे आणि चुका वेगळ्या, म्हणून हे दोन आकडे जुळायलाच हवेत असं नाही.

रेघ ज्या तासाला पडली, त्या तासाच्या चौकटीत ओढली, की कारण बरेचदा आपोआप उघडं पडतं. तेलाचे चारही डाग नऊ ते दहा या तासातले होते. सकाळी मशिनांना तेल घातलं आणि लगेच ऑर्डरचा शर्ट सुईखाली गेला. सुईदांड्यावरून उतरणारं तेल कापडात गेलं. उपाय साधा, तेल घातल्यावर आधी चिंधीवर टाके मारायचे, चिंधी कोरडी निघेपर्यंत. कॉलरच्या नऊ चुकांपैकी सात शेवटच्या दोन तासांत आल्या. वीज आल्यावर बुडालेला अर्धा तास भरून काढायची घाई झाली आणि कॉलरच्या टोकांवर साचा ठेवून खूण करायचं कारागिराने सोडून दिलं. तक्त्यात शेवटच्या तासाला २५ निघाले, टार्गेटपेक्षा एक जास्त, हे पाहून सुपरवायझर खूश झाला असेल. त्याच ओळीत पास २० आहेत, हे बघितलं तर घाईची किंमत कळते. टाका सुटण्याच्या सहा चुका दिवसभर विखुरलेल्या असतील, पण एकाच मशिनच्या असतील, तर आधी सुई बदलून बघावी. बोथट किंवा वाकलेली सुई हे त्याचं सगळ्यात नेहमीचं कारण. सुई बदलूनही फरक पडला नाही, तर मेकॅनिकला बोलवायचं.

रिजेक्ट शर्टाच्या ओळीत बंडल नंबरही हवा. कात्री मागच्या भागात गेली असेल, तर तेवढाच भाग नवा कापून शर्ट वाचवता येतो. मात्र तो त्याच थानातून कापला पाहिजे. दुसऱ्या थानातलं पांढरं कापड दिव्याखाली सारखं दिसतं, उन्हात वेगळं. बंडल नंबर नसेल, तर मूळ थान सापडत नाही.

एक गोष्ट मात्र या कागदावर छापू नये, ती म्हणजे चुकीपुढे कारागिराचं नाव. पीस-रेटवर काम करणाऱ्या बाईच्या नावापुढे रेघा पडू लागल्या आणि त्यावरून पैसे कापले जाऊ लागले, की चुका कमी होत नाहीत, फक्त कागदावरून गायब होतात. खराब पीस दुसऱ्याच्या बंडलात सरकवला जातो किंवा बाकाखाली राहतो. नावाऐवजी काम आणि मशिन नंबर लिहावा. सुई बदलायची, साचा द्यायचा की शिकवायचं, हे ठरवायला तेवढी माहिती पुरते.

कागद खोटा भरला जातोय हे ओळखता येतं. सलग आठवडाभर रिजेक्ट शून्य असेल, तर तपासणी होत नाहीये. दर तासाला २४, २४, २४ असा एकसारखा आकडा असेल, तर तो साडेपाचला एकदम लिहिलेला आहे. आणि सगळ्यात पक्की परीक्षा कटिंगच्या वहीशी. कापलेले शर्ट एका बाजूला आणि आजवर पास, रिजेक्ट, हातातले अल्टर व लाईनमध्ये अर्धवट असलेले दुसऱ्या बाजूला. शनिवारी अर्धा तास काढून ही मोजणी केली, तर बाकाखालचा शर्टही सापडतो. रोजच्या कागदावर लाईनमधले अर्धवट पीस येत नाहीत, ही त्याची मर्यादा आहे. तेवढ्यासाठी लाईनला दिलेल्या पिसांचा एक आकडा रोज लिहिला, तरी पुष्कळ झालं.

राहिली छपाई. एका लाईनचा एक दिवस एका ए-फोर कागदावर, आडवा. ओळीची उंची आठ मिलिमीटरपेक्षा कमी नको, कारण ती उभ्याने, पाटीवर ठेवून भरली जाते. कारणाचा रकाना सगळ्यात रुंद, नाहीतर लोक कारण लिहीत नाहीत. एक्सेलमध्ये बनवताना `Page Layout` मधून `Landscape` निवडावं आणि छापताना `Fit Sheet on One Page`, म्हणजे शेवटचा रकाना दुसऱ्या पानावर पळत नाही. नेहमी होणारी चूक अशी, की गणिताची सूत्रं घातलेला रिकामा तक्ता छापला की चौकटींत शून्य किंवा `#DIV/0!` उमटतं आणि हाताने लिहायला जागा उरत नाही. म्हणून माणसांची चौकट रिकामी असेल तर उत्तरही रिकामं राहील, असं सूत्र लिहावं. हजर माणसं B4, मिनिटं C4, टक्के D4 आणि सॅम E4 मध्ये असतील तर टार्गेट असं निघतं:

```
=IF(B4="","",ROUND(B4*C4*D4/E4,0))
```

१२, ४८०, ६०% आणि १८ घातले की १९२ येतात. ताळेबंदासाठीही असंच. लाईनवरून आलेले B20, कालचे अल्टर B21, आणि पास, रिजेक्ट, उरलेले अल्टर B23 ते B25 मध्ये असतील तर:

```
=IF(B20="","",IF(B20+B21=SUM(B23:B25),"जुळले","फरक"))
```

दिवसभर मात्र कागद हातानेच भरावा आणि पेनाने. चुकलेला आकडा खोडून वर नवा लिहावा, म्हणजे आधी काय होतं तेही दिसतं. संध्याकाळी आकडे संगणकात चढवून कागद तारखेनुसार फाईलला लावायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी नवा कागद पाटीवर चढतो, तेव्हा त्यावर टार्गेटच्याही आधी एक आकडा लिहिलेला असतो: कालचे अल्टर, ४. ते चार शर्ट तपासणीच्या टेबलावर मोजून ठेवले जातात आणि मग पहिलं मशीन सुरू होतं.